दशमांशाचा अभ्यास : नीच दशमेश आणि वीस कलांचा प्रश्न

सध्या एका परिचितांच्या पत्रिकेवर काम चालू आहे. जन्म मार्च महिन्यातला, पुण्यातला, सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाचा. चित्रापक्ष अयनांशाने लग्न कन्या ११ अंश ४० कला येते. दशमस्थानी मिथुन रास असल्यामुळे बुध हा लग्नेशही आहे आणि दशमेशही; मात्र तो सप्तमात मीनेत, म्हणजे नीच राशीत, २२ अंश १० कलांवर आहे. इतर ग्रहांमुळे नीचभंग होतो का हे आधी पाहिले; तो होत नाही. त्यामुळे केवळ जन्मकुंडलीवरून वाचायचे, तर हिशेब, लेखन किंवा व्यवहाराशी संबंधित काम, दुसऱ्यांवर अवलंबून राहून आणि क्षमतेच्या मानाने कमी श्रेय घेऊन केलेले, असेच म्हणावे लागते. प्रत्यक्षात गृहस्थांचा हिशेबनिसाचा स्वतंत्र व्यवसाय उत्तम चालला आहे. कामाचा प्रकार जुळतो, दर्जा जुळत नाही, आणि अशाच ठिकाणी दशमांश, म्हणजे कामधंद्यासाठी पाहिली जाणारी वर्गकुंडली, उघडावा असे माझे मत आहे.

दशमांशाची रीत सोपी आहे. राशीचे तीन-तीन अंशांचे दहा भाग करायचे. विषम राशीत मोजणी त्याच राशीपासून आणि सम राशीत तिच्या नवव्या राशीपासून सुरू होते. मीन सम रास असल्याने मोजणी वृश्चिकेपासून लागते. बुधाचे २२ अंश १० कला आठव्या भागात, म्हणजे २१ ते २४ अंशांच्या दरम्यान पडतात आणि वृश्चिकेपासून आठवी रास मिथुन येते. जन्मकुंडलीत नीच असलेला दशमेश दशमांशात स्वराशीत जातो. मी याचा अर्थ असा लावतो की नीचत्व पुसले जात नाही, सुरुवातीचा दुय्यमपणा राहतो. पण काम हाती आल्यावर ते पेलण्याचे बळ या ग्रहाजवळ आहे. दशमस्थान जे मुळात दाखवत नाही ते केवळ दशमांशावरून सांगू नये, हा नियम मी पाळतो.

एवढे वाचन भक्कम आहे, कारण बुधाची दशमांश रास जन्मवेळेतील काही मिनिटांच्या फरकाने बदलत नाही. चंद्रालासुद्धा तीन अंश ओलांडायला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. शनी तर अनेक आठवडे एकाच दशमांशात असतो, म्हणून ‘दशमांशात शनी उच्च’ एवढ्यावरून एका व्यक्तीविषयी काही सांगणे मला पटत नाही. लग्नाचे मात्र उलट आहे. ते तीन अंश सुमारे बारा मिनिटांत ओलांडते, आणि दशमांशातली सगळी स्थाने त्यावरच उभी असतात.

या पत्रिकेत अडचण तिथेच आहे. कन्येची मोजणी वृषभेपासून होते. ११ अंश ४० कला चौथ्या भागात येत असल्याने दशमांश लग्न सिंह होते आणि बुध लाभस्थानी बसतो. पण १२ अंशांना केवळ वीस कला उरल्या आहेत, म्हणजे जेमतेम सव्वा ते दीड मिनिट. वेळ तेवढी पुढे सरकली की दशमांश लग्न कन्या होते आणि तोच बुध लग्नेश व दशमेश होऊन दशमात येतो. नोंदवलेली वेळ इतकी काटेकोर असेल असे गृहीत धरता येत नाही. (अयनांश बदलला तर आणखी घोळ. टिळक पंचांगाच्या सुमारे चार अंशांच्या फरकाने दशमांश लग्न तुळेत आणि बुध कर्केत जातो, म्हणून तुलना करताना पक्ष एकच ठेवावा.)

दोन्ही लग्नांना चालेल असे वर्णन नंतर जुळवणे अगदी सोपे असते, म्हणून मी वर्णनाऐवजी तारखांकडे वळलो. बुधाची महादशा त्यांच्या सत्ताविसाव्या वर्षी लागली. तिच्यातील शुक्राची अंतर्दशा दोन वर्षे दहा महिन्यांची असते, आणि नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय त्यांनी त्याच काळात सुरू केला. सिंह लग्न धरले तर दशमांशात दशमस्थानी वृषभ येते आणि शुक्र दशमेश ठरतो. कन्या धरले तर तो धनेश आणि भाग्येश राहतो, दशमाशी त्याचा स्वामित्वाचा संबंध उरत नाही. कौल सिंहेकडे झुकतो. तरीही भाग्येशाच्या दशेत व्यवसाय सुरू झालेल्या पत्रिका कमी नाहीत, त्यामुळे एका घटनेवर लग्न ठरवायला मी तयार नाही.

त्यानंतरची सूर्याची अंतर्दशा, दहा महिने सहा दिवसांची, अधिक चांगली कसोटी ठरेल. सूर्य मीनेत ५ अंशांवर असल्याने दशमांशात धनू राशीत येतो. सिंह लग्नाला तो पंचमातला लग्नेश, तर कन्या लग्नाला चतुर्थातला व्ययेश. पहिल्या बाजूने नाव आणि नवी जबाबदारी अपेक्षित आहे, दुसऱ्या बाजूने खर्च, जागाबदल किंवा कामापासून दुरावा. त्या महिन्यांतील कामाच्या नोंदी मी त्यांच्याकडे मागितल्या आहेत, आणि दोन्ही भाकिते त्या हाती येण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवली आहेत.