च आणि च

परवा दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून मी एकटीच "चारा, चार, चारा, चार" असं पुटपुटत होते. भांडी घासायला आलेल्या मावशींनी नळ बंद केला आणि विचारलं, "चार काय, ताई?" मी म्हटलं, "काही नाही, पेपर तपासतेय." त्यांनी नळ पुन्हा सुरू केला. पेपर तपासणारी माणसं अशीच बोलत असणार, असं त्यांचं मत झालं असावं.

भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला मी दरवर्षी हाच गृहपाठ देते. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या माणसाकडून च, ज, झ असलेले वीस शब्द बोलून घ्यायचे, ध्वनिमुद्रण करायचं, ते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवायचं आणि खाली या तीन अक्षरांची खोड काय ते समजावून सांगायचं. दहा गुण उतरवण्याला, दहा समजावण्याला. सोपं वाटतं, कारण 'चमच्यातला' आणि 'चिमणीतला' असे दोन च आपल्या तोंडात असतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. शाळेच्या व्याकरणात त्यांना दंततालव्य आणि तालव्य म्हणायचे, ते परीक्षेपुरतं पाठ करून आपण विसरतो. जीभ मात्र विसरत नाही. लिपीत दोघांना मिळून एकच घर दिलंय आणि आत कोण राहतंय ते पाटीवरून कळत नाही, एवढीच अडचण.

ध्वनिलिपीत दोन पाट्या लावाव्या लागतात. दंततालव्य च म्हणजे [ts], तालव्य म्हणजे [tʃ]. ज असेल तर [dz] आणि [dʒ], आणि झ ला त्याच खुणांपुढे महाप्राणाचा [ʱ]. कुणी [tɕ] लिहिलं तरी मी गुण कापत नाही, फक्त पहिल्या शब्दापासून विसाव्यापर्यंत तेच लिहिलेलं असावं. आणि छ ला दोन घरं करून दिली की हसू येतं, कारण मराठीत छ एकच, तालव्य. ज्यानं दंततालव्य छ ऐकला, त्यानं तो ध्वनिमुद्रणात ऐकलेला नसतो, वहीतल्या तक्त्यात मोकळा चौकोन बघून भरलेला असतो.

परवा अडकले ते एका फारच नीटनेटक्या वहीवर. विसाच्या वीस शब्द सुबक अक्षरात, दीर्घ स्वराच्या खुणासुद्धा साध्या विसर्गासारख्या नाहीत, खऱ्या त्रिकोणी टिंबांच्या. खाली नियम: इ, ए आणि य यांच्याआधी तालव्य, बाकी सगळीकडे दंततालव्य. अपवाद नाहीत. मी वर गेले. माझा [dzʱ], माझी [dʒʱ]. चारा [ts]. चार, [ts]. चहा, [ts]. चंद्र, तोही [ts].

त्सहा! त्संद्र!

इतकी स्वच्छ माहिती बघितली की मला आधी कौतुक वाटत नाही, संशय येतो. मग ध्वनिमुद्रण लावलं. शेजारचे कुणी काका होते, भरदार आवाजाचे, आणि ते 'चहा' अगदी तुमच्याआमच्यासारखाच म्हणत होते. कानावर विश्वास नको म्हणून संगणकावर आवाजाचं चित्रही काढून बघितलं, कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते दाखवणारं. 'चारा'च्या सुरुवातीच्या घर्षणाचा काळसर पट्टा वर, चार हजार हर्ट्झच्या पलीकडे साचलेला, स सारखा. 'चहा'चा पट्टा पार खाली, अडीच हजारांच्या आसपास सुरू झालेला, श सारखा. तेव्हा मुलानं काय केलं असणार ते उघड होतं. नियम आधी लिहिला आणि मग शब्द त्याच्या मापानं शिवले.

यावरून मला आमचा दिल्लीचा मामेभाऊ आठवला. मे महिन्यात आजोळी यायचा. मराठी बोलायचा, पण च सगळे हिंदीतले. आजीनं गोठ्याकडे बोट दाखवून "चारा टाकलास का रे?" विचारलं की हा "चारा टाकला" म्हणायचा, तालव्य च लावून, आणि ओट्यावरची आम्ही सहा-सात भावंडं लोळायचो. आजीला आम्ही हसलेलं आवडायचं नाही. ती त्याला रोज संध्याकाळी दिवेलागणीला शेजारी बसवून शिकवायची, "जीभ दाताला लाव, स म्हणतोस ना, तशी." आठ दिवसांत पठ्ठ्याला जमलं. चारा जमला, चूल जमली, चांदोबा जमला. आणि नवव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, मला त्सहा."

आजीनं त्याला चहा दिला, पण तिच्याकडे उत्तर नव्हतं. "अरे, चहा तसा नाही," एवढंच म्हणाली. "का?" तो म्हणाला. "नाही तसा."

आता त्या 'का'ला निम्मं उत्तर मी देऊ शकते. चांदणं आपलं घरचं, शतकानुशतकं तोंडात घोळून दंततालव्य झालेलं. चंद्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून अ पुढे असूनही तालव्य. चार हा आकडा घरचाच, पण जुन्या मराठीत तो 'च्यारी' असा लिहिलेला सापडतो. तो य लिहिण्यातून गेला, च ला मऊ करून गेला. आणि ज्यावर सगळ्यांचीच दांडी उडते तो शब्द म्हणजे जग. 'हे जग' मधला तालव्य, 'शंभर वर्षं जग' मधला दंततालव्य. पुढचा स्वर तोच, मागचा ग तोच, अर्थ वेगळा. म्हणजे हे दोन ध्वनी नुसते शेजाराप्रमाणे कपडे बदलणारे नाहीत, काही ठिकाणी ते स्वतंत्र बिऱ्हाडं करून राहतात. वहीत 'जग' दोनदा येऊनही ज्यानं "हे एकाच ध्वनीचे दोन उच्चार" असं ठोकून दिलं, त्यानं स्वतःचीच वही वाचलेली नसते.

गुण देताना माझा एक हट्ट आहे. उतरवण्यातल्या चुकीची शिक्षा समजावण्यात पुन्हा करायची नाही. कानाला चुकीचं ऐकू आलं, ते प्रामाणिकपणे उतरवलं आणि त्या चुकीच्या माहितीला लागू पडणारा नियम नीट मांडला, तर खालचे गुण पूर्ण. उलट वर 'माझी' [dzʱ] लिहून खाली 'इ च्या आधी तालव्य' म्हणणाऱ्याचे दोन्हीकडे जातात, मग नियम कितीही बरोबर असो. तो पुस्तकातला आहे, वहीतला नाही. त्संद्रवाला कुठे बसतो, ते मात्र ठरवता येईना. त्याचा नियम त्याच्या वहीला तंतोतंत लागू पडत होता. वही काकांना लागू पडत नव्हती. बराच वेळ पेन्सिल चावून मी खालच्या दहांपैकी चार दिले, आणि ते जास्त झाले की कमी हे अजून कळलेलं नाही.

पुढची वही अगदी गबाळी. शाई फुटलेली, खाडाखोड. पण तिनं एक गोष्ट टिपली होती जी मला सात-आठ वर्षांत दोनदाच कुणी लिहून दिली आहे. तिच्या यादीत 'राजाला' आणि 'दरवाजाला' असे दोन शब्द होते. लिहायला शेवट सारखाच: जा, ला. पुढचा स्वरही तोच आ. पण उतरवताना तिनं राजाला [dz] दिला होता आणि दरवाजाला [dʒ]. एकदा म्हणून बघा. दरवाजा म्हणताना दंततालव्य, दरवाजाला म्हणताना जीभ आपोआप मागे सरकते. राजा मात्र ला लागला तरी जागचा हलत नाही.

खाली तिनं असं काहीसं लिहिलं होतं: घोडा, घोड्याला. ससा, सशाला. दरवाजा याच पंगतीतला, म्हणजे इथेही य येतो, फक्त ज मध्ये विरघळल्यामुळे दिसत नाही. राजाचं 'राज्याला' होत नाही, म्हणून त्याच्यात विरघळायला य नाहीच. शुद्धलेखनाचा नियम 'दरवाज्याला' न लिहिता 'दरवाजाला' लिहायला सांगतो. त्यामुळे डोळ्यांनी वाचणाऱ्याला हा य कधीच सापडायचा नाही, तो कानानंच पकडावा लागतो. त्सहावाल्याच्या नियमात जे बसत नव्हतं म्हणून त्यानं पुसलं असतं, ते हिनं तसंच ठेवून त्याचं कारण शोधलं होतं.

मी खूश होऊन पान उलटलं आणि लगेच तीन लाल फुल्या मारल्या. चाळणीच्या जागी 'चायनी' उतरवलेलं, जाळ्याच्या जागी 'जायं'. एवढी हुशार मुलगी आणि ळ ऐकू येऊ नये? मग वरच्या कोपऱ्यात बघितलं. बोलणारी व्यक्ती: आजी, वय एकोणऐंशी, अकोल्याकडच्या. ध्वनिमुद्रण लावलं. आजी खणखणीत 'चायनी' म्हणत होत्या. शाळेला शाया आणि डोळ्याला डोया म्हणणारा तो मुलूख, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण हातात लाल पेन आलं की माझ्यात ती शुद्धलेखनवाली बाई शिरते. फुल्या पांढऱ्या शाईनं झाकल्या. झाकलेलं दिसतंच.

एक फुली मात्र नव्यानं मारावी लागली. 'काजळ' तिनं ळ लावून उतरवलं होतं आणि आजी 'काजय' म्हणाल्या होत्या. तीनतीनदा ऐकलं, काजयच. बाकी सगळी आजी जशीच्या तशी ठेवून या एका शब्दात नातीनं तिला प्रमाण मराठीत आणून बसवलं होतं. का, कोण जाणे. कंटाळली असेल, किंवा विसावा शब्द होता म्हणून हात आपोआप नेहमीचं लिहून गेला असेल. अर्धा गुण कापला.

काजळानंतर ध्वनिमुद्रण बंद करायला ती विसरली होती. भांड्याचा आवाज आला, मग आजींचा, जरा लांबून: "झालं का माय? च्या मांडू?"

हे काही तिनं उतरवलेलं नव्हतं, त्याला गुणही नव्हते. मी मात्र वहीच्या कडेला पेन्सिलीनं ते उतरवून ठेवलं. च च्या पुढे सरळ य. तालव्यच, दुसरं काही होणं शक्यच नाही.

मावशींनी नळ बंद केला आणि विचारलं, "ताई, टाकू का थोडा?"