‘चालणारा साप’: एरर स्पॉटिंगमधल्या एका चुकीचा माझा अनुभव

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत एरर स्पॉटिंगचे प्रश्न असतात: वाक्याचा चुकलेला तुकडा ओळखायचा, चूक नसेल तर ‘नो एरर’ निवडायचं. त्यात माझे गुण ज्या प्रश्नांवर जात होते, त्यांची एक वेगळी यादी केली आणि एक गोष्ट लक्षात आली. टेन्स, आर्टिकल, प्रिपोझिशन यांच्या चुका सापडत होत्या. ज्या वाक्यांना मी बिनधास्त ‘नो एरर’ देत होतो, त्यांतली बरीचशी एकाच जातीची होती: सुरुवातीला ‘-इंग’ किंवा ‘हॅविंग’वालं वाक्यांश, मग स्वल्पविराम, मग उरलेलं वाक्य. व्याकरणाच्या पुस्तकात याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात. व्याख्या पाठ होती, तरी चूक दिसत नव्हती. ती का दिसत नाही आणि मी ती कशी पकडायला लागलो, एवढंच इथे लिहितो. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि तिरक्या रेघेने त्यांचे तुकडे पाडले आहेत, पेपरात पाडतात तसेच.

हे वाक्य घ्या: ‘वॉकिंग थ्रू द फील्ड, / अ स्नेक बिट हिम / ऑन द लेफ्ट फूट.’ मनातल्या मनात मराठी होतं, ‘शेतातून चालताना त्याच्या डाव्या पायाला साप चावला.’ मराठी वाक्य अगदी बरोबर आहे, आणि तिथेच घात होतो. मराठीतल्या ‘-ताना’ला कर्ता कोण याचं फारसं बंधन नाही. चालणारा एक आणि चावणारा दुसरा असला तरी मराठीला चालतं. ‘असल्यामुळे’चंही तसंच आहे. ‘-ऊन’ थोडं कडक आहे, पण ‘पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं’ यात वाचलं कोणी हे न सांगताही आपलं भागतं. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा पार्टिसिपल स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यालाच चिकटतो. तिथे साप आहे, म्हणजे शेतातून चालत होता तो साप. आपण ‘-ताना’ने भाषांतर केलं की ही चूक झाकली जाते. पुन्हा टेन्स बरोबर, आर्टिकल बरोबर, क्रियापदाचा मेळ बरोबर. नेहमीची सगळी तपासणी वाक्य पार करतं आणि हात ‘नो एरर’कडे जातो.

म्हणून मी भाषांतराचा प्रत्ययच बदलला. ‘-ताना’, ‘-ऊन’, ‘असल्यामुळे’ यांना बंदी. त्याऐवजी सुरुवातीच्या वाक्यांशाचं ‘-णारा’ किंवा ‘-लेला’ असं विशेषण करायचं आणि स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यापुढे लावायचं. ‘शेतातून चालणारा साप’. कान लगेच टवकारतात. ‘बीइंग संडे, / द शॉप्स वेअर क्लोज्ड’ याचं ‘रविवार असल्यामुळे दुकानं बंद होती’ असं केलं तर काहीच खटकत नाही. ‘रविवार असलेली दुकानं’ म्हटलं की चूक उघडी पडते. उलट ‘बीइंग इल, ही स्टेड अ‍ॅट होम’ याचं होतं ‘आजारी असलेला तो’. ठीक आहे, पुढे जा. ‘कव्हर्ड विथ स्नो, वी सॉ द माउंटन’चं होतं ‘बर्फाने झाकलेले आम्ही’. हे फार वेळ खात नाही. सरकारी नोकरीसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 36 सेकंद. विशेषणाची ही परीक्षा त्यात आरामात बसते, कारण वाचायचं फक्त दोन ठिकाणी: स्वल्पविरामाआधीचं क्रियापद आणि स्वल्पविरामानंतरचं मुख्य नाम.

‘मुख्य नाम’ म्हणताना एक जागा सांभाळावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं तिथेच पडतात. ‘बॉर्न इन अ पूअर फॅमिली, / हिज स्ट्रगल बिगॅन / अ‍ॅट अ‍ॅन अर्ली एज.’ स्वल्पविरामानंतर ‘हिज’ दिसतो, डोक्यात ‘तो’ उभा राहतो आणि आपण समाधानी होतो. पण कर्ता ‘हिज’ नाही, ‘स्ट्रगल’ आहे. ‘गरीब घरात जन्मलेला संघर्ष.’ षष्ठीतलं सर्वनाम कर्त्यासारखं भासतं, कर्ता नसतं. ‘देअर वॉज’ने सुरू होणारं वाक्यही असंच: ‘एंटरिंग द रूम, देअर वॉज नोबडी’ यात खोलीत शिरायला माणूसच नाही.

चूक आहे हे कळलं तरी काम संपत नाही, कारण उत्तर म्हणून तुकडा निवडायचा असतो. चूक दोन तुकड्यांच्या नात्यात असते, मग दोष कोणाला द्यायचा? एक वाक्य पूर्ण सोडवून दाखवतो. ‘हॅविंग फिनिश्ड द असाइनमेंट, / द टेलिव्हिजन वॉज / स्विच्ड ऑन बाय द बॉइज. / नो एरर.’ आधी परीक्षा: ‘असाइनमेंट पूर्ण केलेला टीव्ही’. चूक नक्की. आता दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे कर्ता पुढे आणायचा, ‘द बॉइज स्विच्ड ऑन द टेलिव्हिजन’. यासाठी दुसरा आणि तिसरा असे दोन्ही तुकडे मोडावे लागतात. दुसरा रस्ता म्हणजे सुरुवात बदलायची, ‘आफ्टर द असाइनमेंट वॉज फिनिश्ड’. यात फक्त पहिला तुकडा बदलतो, बाकीचे जसेच्या तसे राहतात. एकच तुकडा बदलून वाक्य सुधारत असेल तर उत्तर तो तुकडा, म्हणून इथे पहिला. या वाक्यात चूक शिरली कशी तेही पाहण्यासारखं आहे. पॅसिव्हमुळे काम करणारी मुलं ‘बाय’च्या मागे ढकलली गेली आणि त्यांच्या खुर्चीत टीव्ही येऊन बसला. तेव्हापासून ‘-इंग, ’च्या पुढे पॅसिव्ह दिसला की मी थांबतोच.

सापाच्या वाक्यात मात्र पंचाईत आहे. पहिला तुकडा ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग’ केला तरी वाक्य सुधारतं, आणि दुसरा ‘ही वॉज बिटन बाय अ स्नेक’ केला तरी सुधारतं. प्रश्न नीट बेतलेला असेल तर तुकडे असे पाडलेले असतात की एकच जागा सुटते. ही वेळ आलीच, तर मी त्याच पेपरच्या मागच्या वर्षांच्या अधिकृत उत्तरतालिका काय मानतात ते आधीच बघून ठेवलेलं असतं. खाजगी पुस्तकांच्या उत्तरांमध्ये एकवाक्यता नसते. सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये हा वादच नाही, कारण तिथे कोणता भाग बदलायचा हे अधोरेखित केलेलं असतं.

विशेषणाची ही परीक्षा एका ठिकाणी फसते. ‘ऑन रीचिंग द स्टेशन, / द ट्रेन हॅड / ऑलरेडी लेफ्ट.’ ‘स्टेशनवर पोहोचलेली गाडी’. हसू येत नाही, कारण गाडी खरोखर स्टेशनवर पोहोचते. ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड, अ बस हिट हिम’ हेही तसंच. रस्ता ओलांडणारी बस अशक्य नाही. स्वल्पविरामानंतरची वस्तू ते काम करू शकत असेल, तर ‘शक्य आहे का’ विचारून भागत नाही, ‘या वाक्यात ते कोणी केलं’ असं विचारावं लागतं. गाडी आधीच निघून गेली होती, तर पोहोचला तो प्रवासी. आणि तो वाक्यात कुठेच नाही. पहिला तुकडा ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन’ असा हवा.

दुसऱ्या बाजूला, बरोबर वाक्याला चूक ठरवण्याचा धोकाही आहे. परीक्षा जमायला लागली की काही दिवस जिथे तिथे चालणारे साप दिसतात. सीजीएलच्या या टप्प्यात बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला 0.50 वजा, त्यामुळे हा उत्साहही महागात पडतो. दोन प्रकार मी सोडून देतो. पहिला, पार्टिसिपलच्या आधी त्याचा स्वतःचा कर्ता असेल तेव्हा: ‘द सन हॅविंग रिझन, वी सेट आउट’. सूर्य तिथेच आहे, ‘आम्ही’वर काही लोंबकळत नाही. ‘बीइंग संडे’ची एक दुरुस्ती ‘इट बीइंग संडे’ अशी होते ती याच कारणाने. दुसरा, करणारा कोणीही असू शकतो अशी रूढ रूपं: ‘कन्सिडरिंग हिज एज’, ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग फ्रॉम’, ‘रिगार्डिंग’. ‘कन्सिडरिंग हिज एज, द स्कोअर इज गुड’ यात वयाचा विचार स्कोअर करत नाही, तरी वाक्य शुद्ध आहे. ही रूपं आता जवळजवळ प्रिपोझिशनसारखी वापरली जातात.

मिसप्लेस्ड मॉडिफायर हा या चुकीचा चुलतभाऊ. इथे शब्दाचा मालक वाक्यात असतो, पण शेजारी दुसराच बसलेला असतो. ‘ही सोल्ड द टेबल / टू अ मॅन / विथ थ्री लेग्ज.’ मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, त्यामुळे आपण ‘तीन पायांचं टेबल’ असं आपोआप जुळवून घेतो. इंग्रजीत असा वाक्यांश डावीकडच्या जवळच्या नामाचा. म्हणून तोच उपाय: शेपटीचं विशेषण करून लगेच डावीकडच्या नामाला लावा. ‘तीन पायांचा माणूस’. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या शेपट्यांनाही हे लागू पडतं.

‘ओन्ली’साठी मराठीचा ‘च’ फार कामाचा आहे. ‘ही ओन्ली लेंट मी / फिफ्टी रुपीज / यस्टरडे.’ अर्थ काय? पन्नासच रुपये दिले. ‘च’ पन्नासला चिकटला, तर ‘ओन्ली’ही ‘फिफ्टी’च्या लगेच आधी हवा: ‘ही लेंट मी ओन्ली फिफ्टी रुपीज’. ‘च’ जिथे चिकटतो, त्याच्या अगोदरची जागा ‘ओन्ली’ची. ‘ऑलमोस्ट’ आणि ‘इव्हन’ यांची जागाही मी अशीच बघतो. फक्त ‘ओन्ली’च्या बाबतीत मी घाई करत नाही. बोलण्यात, आणि चांगल्या लेखनातही, तो क्रियापदाआधी सर्रास येतो आणि कोणी अडखळत नाही. परीक्षेचं व्याकरण त्यापेक्षा कर्मठ आहे. म्हणून ‘ओन्ली’ विस्कटलेला दिसला तरी आधी उरलेले तुकडे तपासतो. तिथे क्रियापदाची किंवा प्रिपोझिशनची पक्की चूक सापडली तर उत्तर ती. बाकी सगळं स्वच्छ निघालं, तरच ‘ओन्ली’चा तुकडा निवडतो.