हाफ क्लच

मंगळवारी दुपारी पावणेदोनला मैत्रिणीचा मेसेज आला. "मिळालं!!! पक्कं!!!" सहा उद्गारचिन्हं मोजली मी. ही बाई एरवी पूर्णविरामसुद्धा देत नाही. मी डबा उघडून बसले होते. एका हातात पोळीचा तुकडा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिलं, "छान". वर एक पिवळा अंगठाही पाठवून दिला. निळ्या खुणा उमटल्या आणि तिकडे सगळं शांत झालं.

शांत होणारच होतं. "छान"वर माणूस बोलणार काय? फोनवर आपण हा शब्द कधी वापरतो ते आठवून बघा. "हो का, छान छान. बरं मग..." एवढं कानावर आलं की पलीकडचा समजतो, आता ठेवायचा. आपल्याकडे "छान" हा निम्म्या वेळा फोन ठेवायचा शब्द आहे. समोरासमोर असताना तो "छाऽऽन" असा लांबवता येतो, भुवया वर नेता येतात, पाठीत एक धपाटाही घालता येतो. मोबाइलच्या पडद्यावर यातलं काहीच पोचत नाही. उरतात ती दोन अक्षरं, आणि ती वाचणारीला दार लोटून घेतल्यासारखी वाटतात.

"अभिनंदन"चीही तीच गत. तो शब्द चौकातल्या फ्लेक्सवर इतका राबवलाय की मैत्रिणीला पाठवला तर खाली "शुभेच्छुक" म्हणून आपला फोटो लावावासा वाटतो.

संध्याकाळी बसमध्ये खिडकी मिळाली, म्हणून तिचं नि माझं जुनं संभाषण वर सरकवत बसले. तेव्हा कळलं की मी कशाला "छान" म्हटलं होतं. मैत्रीण त्रेपन्न वर्षांची. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, त्यातले पाच तिने संपवले होते. पहिल्या टेस्टला ती नापास झाली, तेही चढावर. टेस्टच्या ट्रॅकवर एक छोटा चढ असतो. तिथे मधेच गाडी थांबवायची आणि मागे घसरू न देता पुन्हा पुढे काढायची. हिची घसरली. आणि तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेअकराला तिने मला लिहिलं होतं, "आज उड्डाणपुलावर बंद पडली ग. मागे रांग. सगळे हॉर्न मारतायत. आणि शिकवणारा पोरगा म्हणतो मॅडम हाफ क्लच हाफ क्लच. अरे पण अर्धा म्हणजे नेमका किती?"

त्यावर मी हसून डोळ्यांतून पाणी आलेला चेहरा पाठवला होता. म्हणजे मला सगळं माहीत होतं. चढ, हॉर्न, तो पोरगा, सगळं. आणि त्या सगळ्यावर माझं उत्तर काय, तर छान.

या विषयावर लोकांनी रीतसर अभ्यास केला आहे. शेली गेबल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक शोधनिबंध लिहिला. माणसं एकमेकांच्या अडचणीला कशी धावतात यावर बरंच लिहून झालं होतं. यांनी उलट बाजूने पाहिलं, की चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा काय करतो. त्यांनी उत्तरांचे चार प्रकार केले. कोणी मनापासून रस घेऊन विचारतो. कोणी मनातल्या मनात खूश होतो, पण बोलतो जेमतेम. कोणी बातमीतली खोट काढतो. आणि कोणी सरळ दुसराच विषय काढतो. अभ्यास जोडप्यांचा होता, मैत्रिणींचा नव्हे. पण त्यातली एक गोष्ट मला चांगलीच बोचली. नातं चांगलं असण्याशी जुळला तो फक्त पहिला प्रकार. तो जेमतेम बोलणारा भला माणूस खोट काढणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसला. माझं "छान" त्या रांगेतलं. मनात माया असेल, पण ती मनातच राहिली तर पलीकडच्याला दिसणार कशी?

मग बसमध्येच नवं उत्तर लिहायला घेतलं.

पहिला खर्डा उत्साहाचा. "वा वा वा!!! काय भारी!!! जिंकलीस तू!!!" खाली फुलं, फटाके, नाचणारी बाई. वाचून पाहिलं. यातलं एक अक्षर न बदलता हे तिच्या भाचीच्या बारावीच्या निकालाला चाललं असतं, शेजाऱ्यांच्या नव्या फ्लॅटलाही चाललं असतं. फटाके भरपूर, पण ती त्यात कुठेच नव्हती. पुसलं.

दुसरा खर्डा आपोआप उमटला, "मग पार्टी कधी?" हा आपला राष्ट्रीय प्रतिसाद. वाईट नाही, त्यात हक्क असतो, लाडीगोडी असते. पण बघा, तिची बातमी आली आणि पुढच्याच वाक्यात मी ताट मांडून बसले. तिला आता तारीख सांगायची, हॉटेल ठरवायचं. चढाचं राहिलंच. पार्टी मागावी, पण चौथ्या-पाचव्या वाक्यात.

तिसरा खर्डा मला लिहिताना अगदी प्रेमळ वाटला होता. "खूप आनंद झाला. आता जपून चालव हं, हल्ली ट्रॅफिक फार वाढलंय." आमच्या पिढीला आनंद नुसता देता येत नाही, सोबत काळजीची पुडी बांधून द्यावी लागते. दहावीचा निकाल घेऊन घरी आले तेव्हा वडील म्हणाले होते, "ठीक. आता अकरावी अवघड असते." ते खूश होते, हे मला आईकडून दोन दिवसांनी कळलं. पोरगी हवेत जाऊ नये, दृष्ट लागू नये, यातलं काहीतरी असणार. पण सहा उद्गारचिन्हांवर "जपून" हा शब्द कसा पडतो? उतू येणाऱ्या दुधावर गार पाण्याचा हबका मारावा, तसा. तोही पुसला.

"माझ्या जावेला पण गेल्याच महिन्यात मिळालं" असं मी लिहिलं नाही, एवढं पुण्य पदरात घ्या. सुचलं मात्र होतं.

आणि मग लक्षात आलं की उत्तर मला शोधायचंच नव्हतं, ते तिनेच तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. चौथा खर्डा असा झाला:

"अगं, दुपारी जेवताना घाईत नुसतं छान लिहिलं. पण चढाचं काय झालं ते सांग आधी! थांबवायला लावली का? मागे नाही ना आली?"

यात एकही मोठा शब्द नाही, कौतुकाचं तर एकही वाक्य नाही. पण हा मेसेज जगात तिच्याशिवाय कोणालाही पाठवता आला नसता. शिवाय तो प्रश्न असा होता की त्याचं उत्तर "हो", "नाही"वर थांबूच शकत नाही. "कसं वाटतंय?" असं विचारलं असतं तर तिने "मस्त" लिहिलं असतं आणि आम्ही फिटंफाट झालो असतो. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. नेमका चढ विचारला की माणूस चढ चढायलाच लागतो.

दिलगिरी एका ओळीतच आटोपली. आधी "सॉरी ग, खरंच खूप वाईट वाटतंय, मी अशी कशी" वगैरे लिहून पाहिलं होतं. त्याने तिला माझी समजूत घालायला बसावं लागलं असतं. तिच्या लायसन्सच्या दिवशी!

पाठवला. तीन ठिपके नाचले, थांबले, पुन्हा नाचले. मग ते बंद झाले आणि फोनच वाजला.

"तुला लक्षात होतं?" हे तिचं पहिलं वाक्य.

पुढची बावीस मिनिटं मी एकूण आठ-नऊ शब्द बोलले असेन. "मग?" तीनदा, "आणि तो काय म्हणाला?" एकदा. चढावर तिला थांबवायला लावलं. तिने हँडब्रेक ओढला. पायांना कापरं. मग त्या शिकवणाऱ्या पोराने शेवटच्या दिवशी सांगितलेलं तिला आठवलं. अर्धा किती ते पायाने मोजायचं नाही, कानाने ऐकायचं. क्लच हळूहळू सोडत यायचं. इंजिनाचा आवाज जरा जड होतो, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, तिथे पाय थांबवायचा. तो अर्धा. तिथे थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक खाली. तिने डोळे मिटले ("मिटले? टेस्टमध्ये?" हा माझा उरलेला वाटा), आवाज जड झाला, नाक उचललं, आणि गाडी एक इंचसुद्धा मागे न येता वर गेली.

"कोणी टाळ्या नाही वाजवल्या ग," ती म्हणाली. "साहेबांनी वहीत टिक केली आणि पुढची गाडी बोलावली. मी तशीच बाहेर आले आणि रसवंतीवर उभं राहून दोन ग्लास रस प्यायले. आणि घरी सांगितलं तर हे म्हणाले, आता इन्शुरन्स बघायला हवा."

मी जोरात हसले, पण मनात म्हटलं, बाई ग, त्यांनी निदान चार शब्द तरी खर्च केले.

दर वेळी बावीस मिनिटं काढता येतात असं नाही. सासूबाईंना डॉक्टरकडे नेताना, मीटिंगच्या मधोमध, स्वतःचंच काही बिनसलेलं असताना कोणाच्या चढाची चौकशी करणं जड जातं. आपल्याला हवं ते तिला मिळालं असेल तर त्याहून जड. अशा वेळी मी हल्ली लिहिते, "चढाचं ऐकायचंय. रात्री नऊनंतर फोन करते." आणि करते. न करता नुसतं लिहून ठेवणं "छान"पेक्षा वाईट, हाही अनुभव घेऊन झालाय. काही माणसांना जास्त चौकशी आवडतही नाही. माझा भाऊ बढतीची बातमी देऊन लगेच पावसाचं बोलायला लागतो. त्याला एकच प्रश्न विचारायचा आणि पावसावर यायचं.

काल तिचा पुन्हा मेसेज आला. या वेळी उद्गारचिन्ह एकच. "उड्डाणपूल!" सोबत एक फोटो, समोरच्या काचेतून काढलेला. पुढे टेम्पो, त्याच्या पाठीवर "पुन्हा भेटू", वर संध्याकाळचं आभाळ.

मी अंगठा उचलला होता. पण मग फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "हा फोटो गाडी चालवताना काढलास की कोणी शेजारी होतं?"

"हे होते," ती म्हणाली. "पूर्ण पुलावर हँडल धरून बसले होते. वरचं."