जोड शाबूत, पत्रा मात्र गळका

कोमट नायट्रिक अ‍ॅसिडच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला नोझलपाशी पाझर फुटला, तेव्हा प्लांटमध्ये सगळ्यांनी वेल्डरकडे बोट दाखवलं. टाकी धुऊन डाय पेनिट्रंट, म्हणजे तडे दाखवणारा लाल रंग, मारला, तर लाल रेघ उमटली ती जोडावर नाही, जोडाला समांतर, तीन-चार मिलिमीटर बाजूला. तिथे खरवडलं तर साखरेसारखे कण सुटत होते. धातूचे दाणेच मोकळे झाले होते.

वेल्डिंगच्या वेळी जोडाशेजारचा एक पट्टा साधारण ४५० ते ८५० अंशांत रेंगाळतो. कार्बनचा अणू लहान. तो दाण्याच्या आतून सहज सरकत सीमेवर येतो आणि क्रोमियमशी मिळून Cr23C6 बनवतो. क्रोमियम मात्र मंद सरकतं, म्हणून कार्बाइडला लागणारं क्रोमियम सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्टीतूनच जातं. पत्र्यात १८ टक्के असलं तरी तिथे ते गंज रोखायला लागणाऱ्या १२ च्या खाली उतरतं आणि अ‍ॅसिड नेमकं त्या वाटेने शिरतं.

ऑर्डर ३०४ एलची, म्हणजे ३०४ स्टेनलेसच्या कमी कार्बनवाल्या ग्रेडची होती. सप्लायरचा माणूस क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी हातातली एक्सआरएफ गन घेऊन आला आणि क्रोमियम, निकेल बरोबर असल्याचं दाखवू लागला. पण ही गन कार्बन वाचतच नाही! तिच्या लेखी ३०४ आणि ३०४ एल सारखेच. ठिणगीच्या प्रकाशावरून कार्बनही मोजणाऱ्या स्पार्क स्पेक्ट्रोवर तुकडा तपासला, कार्बन निघाला ०.०६ टक्के. ३०४ एलला ०.०३ पर्यंतच चालतो.

लॅबने ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये पॉलिश केलेला तुकडा दीड मिनिट एच करून, म्हणजे पृष्ठभाग खाऊ देऊन, मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर दाण्यांभोवती सलग चर. एवढ्यावर माल नाकारता येत नाही, ही फक्त चाळणी. म्हणून कॉपर सल्फेट-सल्फ्युरिकमध्ये १५ तास उकळून पट्टी वाकवली. बाहेरच्या बाजूला तडे उघडले. वाद मिटला.

वेल्डर म्हणाला, "साहेब, पॅच मारून टाकू." पॅचच्या जोडाबाहेर जुन्या पत्र्यात तसाच नवा पट्टा तयार झाला असता. सुमारे १०५० अंशांना तापवून पाण्यात झटकन थंड केलं की कार्बाइड विरघळतात, पण अख्ख्या टाकीला ते करायचं म्हणजे ती वेडीवाकडी होणार. टाकीच नवी केली, ३०८ एल या कमी कार्बनच्या वेल्डिंग वायरने. ३०४ एलची ताकद जरा कमी धरावी लागते. म्हणून ३०४ आणि ३०४ एल या दोन्ही ग्रेडचं सर्टिफिकेट असलेला पत्रा घेतला, जाडी वाढली नाही.

या खेपेला प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याचा, तुकडा वेल्डिंगच्या उष्णतेची नक्कल म्हणून आधी ६७५ अंशांना तासभर ठेवून मगच उकळायला दिला. पट्ट्या वाकल्या, तडा नाही. मात्र वर्षानुवर्षं त्याच तापमानात चालणारी लाइन असती, तर कमी कार्बनही पुरला नसता. तिथे मी कार्बनला आधीच बांधून ठेवणारी, टायटॅनियमची ३२१ किंवा नायोबियमची ३४७ ग्रेड मागवली असती.