तुम्ही विचारलंत म्हणून: हातात येतो तो पगार की कागदावरचा?

"घरखर्च कमाईच्या प्रमाणात वाटून घेता, ते पटतं. पण कमाई म्हणजे नेमका कोणता आकडा धरता?"

याच आकड्यावरून आमच्याकडे वाद झाला होता. कमावते तिघं: दादा 60,000, मी 36,000 आणि वहिनी 24,000. सामाईक खर्च महिन्याला 45,000. सारखे वाटे केले असते तर प्रत्येकी 15,000, म्हणजे वहिनीच्या हातात फक्त नऊ हजार उरले असते. प्रमाणात वाटल्यावर कमाईच्या रुपयामागे साडेसदतीस पैसे पडतात: दादा 22,500, मी 13,500, वहिनी 9,000.

पहिले काही महिने मी माझी कमाई 27,000 सांगत होतो, कारण तेवढीच खात्यात जमा व्हायची. गाडीच्या कर्जाचा 9,000चा हप्ता पगारातूनच कापला जात होता. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी वहिनीने वही उघडून शांतपणे दाखवलं, "भाऊजी, तुमचा वाटा अडीच हजारांनी उतरलाय आणि त्यातले सव्वासातशे ते साडेसातशे माझ्याकडून जातायत." तिचं बरोबर होतं. गाडी मी एकटा वापरत होतो, पण तिच्या हप्त्याचा भार सगळ्यांवर पडत होता.

तेव्हापासून नियम ठरला. कर, भविष्य निर्वाह निधी अशी जी कपात टाळता येत नाही, ती वजा करायची. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचा हप्ता किंवा स्वतःहून केलेली बचत पगारातून कापली जात असली, तरी ती रक्कम पुन्हा पगारात जोडून कमाई धरायची. पगारपत्रक एकमेकांना दाखवायचं. हे सुरुवातीला जड जातं, पण न दाखवता प्रमाण काढण्यात अर्थ नाही. ज्यांची कमाई दर महिन्याला बदलते, त्यांच्यासाठी मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. एखाद्या चांगल्या महिन्यावरून वाटा ठरवला, तर पुढच्या कोरड्या महिन्यात तो माणूस अडकतो.

एवढं करूनही वहिनीला ओढाताण होतेच, हे मला नंतर कळलं. येण्याजाण्याचा, औषधांचा, फोनचा खर्च कमाई कमी म्हणून कमी होत नाही. म्हणून आता प्रत्येकाच्या कमाईतून आधी 10,000 बाजूला ठेवतो आणि उरलेल्या रकमेवर प्रमाण काढतो. उरतात 50,000, 26,000 आणि 14,000, एकूण 90,000. मग रुपयामागे पन्नास पैसे पडतात: दादा 25,000, मी 13,000, वहिनी 7,000. दादाचा वाटा अडीच हजारांनी वाढला. त्याला आधी विचारलं, तो हो म्हणाला, तेव्हाच वहीत लिहिलं. त्याने नकार दिला असता तर जुनंच प्रमाण ठेवलं असतं.