गोळ्यांनी येत होती ती पाळी नव्हतीच

मी तेवीस वर्षांची, उंची १६० सेंटिमीटर, वजन ४१ किलो. वर्षभरात नऊ किलो उतरले होते आणि मला त्याचा आनंदच होता. रोज पहाटे पळायचे, रात्रीचं जेवण टाळायचे. पाळी आधी लांबली, मग तीन महिने आलीच नाही.

गर्भधारणेची तपासणी निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत बीजकोषावर बारीक फोड दिसले म्हणून पीसीओएस ठरलं आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. एकवीस गोळ्या संपल्या की तिसऱ्या दिवशी रक्तस्राव. "आई, आता सगळं सुरळीत आहे," असं मी सांगत राहिले. चार महिन्यांनी गोळ्या थांबवल्या, तर पुन्हा काहीच नाही.

मग नडगी दुखायला लागली. एका ठिकाणी बोट दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. एक्स-रेत काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा निघाला. त्या तड्यापायी मी हार्मोनच्या डॉक्टरांकडे पोहोचले. त्यांनी आधी वजनाचा वर्षभराचा हिशोब विचारला. तोवर मला तो कुणीच विचारला नव्हता.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक होतं. पण बीजकोषाला इशारा देणारं मेंदूकडचं हार्मोन एलएच आणि बीजकोषात बनणारं इस्ट्रोजेन, दोन्ही फार कमी. डॉक्टरांनी समजावलं, की शरीराला अन्न पुरेना झालं की मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजकोषाला जाणारे इशारे मंदावतो. मग अंडं तयार होत नाही, इस्ट्रोजेन बनत नाही. बारीक फोड अशा वेळीही दिसू शकतात. गोळ्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे गोळी बंद केल्यावर गळून पडणारं गर्भाशयाचं अस्तर, मेंदू तिकडे गप्पच असतो. इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरतं, पण इतक्या कमी वजनात या गोळ्यांवर हाडांसाठी भिस्त ठेवता येत नाही. ऐन विशीत, हाडं भक्कम व्हायच्या वयात, माझी झिजत होती. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कण्याचा झेड-स्कोअर उणे २.३ आला. उणे दोनच्या खाली म्हणजे वयाच्या मानाने कमी.

औषध म्हणजे जेवण. तीन वेळचं पूर्ण, मध्ये दोनदा खाणं, पळणं बंद, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. अवघड गेलं ते पोट फुगणं आणि काट्यावरचा आकडा वाढताना बघणं. त्यासाठी मी समुपदेशकाकडेही गेले, आणि ते टाळलं असतं तर पुन्हा उपास सुरू झाले असते, हे मला ठाऊक आहे.

आठव्या महिन्यात ४९ किलोवर पारदर्शक, ताणला जाणारा स्राव दिसला, अंडं सुटायची खूण. दोन आठवड्यांनी, एकही गोळी न घेता, पाळी आली. (डॉक्टरांनी बजावलं होतं, की पाळी यायच्या आधीच अंडं सुटतं, म्हणून पाळी नाही तोवर गर्भ राहणारच नाही असं धरू नये.)

दीड वर्षानं डेक्सा उणे १.९ आला. बाकीचं पूर्ण भरून येईल, असं वचन डॉक्टरांनी दिलं नाही. पुढची तपासणी दोन वर्षांनी आहे.