रोजची क्वार्टर बंद केल्यावर लिव्हरमध्ये काय सुधारलं आणि काय नाही, माझा अनुभव

कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये लिव्हरच्या टेस्टचे आकडे वाढलेले निघाले, एसजीओटी ११८, एसजीपीटी ५२ आणि जीजीटी ३१० आलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. मला कसलाही त्रास नव्हता. पोट दुखत नव्हतं, भूक व्यवस्थित होती, डोळे पांढरे. ऑफिसात निम्म्या लोकांना फॅटी लिव्हर निघतो त्यामुळे मीही तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला असता, पण बायकोने वाचला आणि पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न, "किती घेता?" मी म्हटलं, दोन-तीन पेग. ते म्हणाले पेग नको, एमएल सांगा. मग खरं निघालं, रोज एक क्वार्टर, शनिवारी मित्रांबरोबर बसलो की वर एखादी स्ट्राँग बिअर. त्यांनी तिथेच पॅडवर हिशोब करून दाखवला. ३० एमएल व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे १८० एमएलमध्ये ६० ग्रॅम. आणि मी ज्या बिअरला "हलकं" समजत होतो ती ८ टक्क्यांची ६५० एमएलची बाटली म्हणजे ४० ग्रॅम, चार छोटे पेग. देशी, विदेशी, बिअर, वाइन काहीही असो, लिव्हरला ब्रँड कळत नाही, ग्रॅम कळतात.

मी विचारलं की हे दारूमुळेच आहे कशावरून, वजन पण ८८ किलो आहे माझं. तर ते म्हणाले आकड्यांची जोडी बघा. नुसत्या वजनाने किंवा शुगरने होणाऱ्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला बहुतेक वेळा एसजीपीटी जास्त असतं. दारूमध्ये उलटं, एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर जातं. त्यात जीजीटी चढलेलं, आणि सीबीसीमध्ये एमसीव्ही १०१, म्हणजे लाल पेशी फुगलेल्या. एकेकट्या आकड्याला फार अर्थ नाही, तिन्ही एकत्र आले की पिणाऱ्याचा रिपोर्ट लगेच ओळखू येतो. हेपटायटिस बी आणि सीची टेस्टही करायला लावली, कारण व्हायरस आणि दारू एकत्र असले की लिव्हर फार लवकर खराब होतं. दोन्ही निगेटिव्ह आल्या.

मग फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची टेस्ट. तीन तास उपाशी राहून जायचं, उजवा हात डोक्यावर घेऊन झोपायचं, आणि ते बरगड्यांच्या मधे प्रोब लावून बारीक टिचकी मारल्यासारखे धक्के देतात. असे दहा रीडिंग, दुखत अजिबात नाही. माझं आलं १०.८ किलोपास्कल. घरी येऊन गुगल केलं तर १२-१३ च्या पुढे सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून कडक झाल्याचा संशय असं दिसलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले या आकड्यावर आत्ता पूर्ण विश्वास ठेवू नका. मशीन लिव्हर किती कडक आहे ते मोजतं, पण ते व्रणामुळे कडक आहे की सुजेमुळे हे त्याला कळत नाही. एसजीओटी शंभरच्या वर असताना सूज असणारच, त्यामुळे आकडा फुगून येतो. दारू पूर्ण बंद करा, सूज उतरू द्या, मग पुन्हा करू, तेव्हा जे उरेल ते खरं. प्लेटलेट २ लाख १० हजार आणि अल्ब्युमिन ४.१ होतं, हे त्यांना चांगलं लक्षण वाटलं.

बंद करायच्या आधी त्यांनी अजून एक विचारलं, सकाळी हात थरथरतात का? थोडे थरथरायचे. मग म्हणाले एकदम स्वतःच्या मनाने घरी सोडू नका, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मला थोड्या दिवसांच्या गोळ्या कमी कमी करत आणि थायमिन हे व्हिटॅमिन दिलं. घाम, चिडचिड, झोपेचं खोबरं, एवढ्यावर निभावलं.

मी मुद्दाम गटारीनंतर सुरू केलं, कारण श्रावणात मित्र आग्रह करत नाहीत, कुणाला काही सांगावं लागत नाही. श्रावण संपल्यावर टेस्ट केल्या तर एसजीओटी ४४, एसजीपीटी ३८, जीजीटी १२०. मला वाटलं झालं, लिव्हर नवीन. डॉक्टर हसले. म्हणाले चरबी पहिली जाते, काही आठवड्यांत. लिव्हर दारू जाळण्यात गुंतलेलं असतं तेव्हा त्याला चरबी जाळता येत नाही म्हणून ती साठते, दारू थांबली की ते पुन्हा कामाला लागतं. पण पुन्हा रोजची सुरू केलीत तर ती तितक्याच वेगाने परत भरते. त्यामुळे श्रावण पाळून उरलेले अकरा महिने क्वार्टर, याने व्रण व्हायचे थांबत नाहीत.

पुढचा फायब्रोस्कॅन दिवाळी उलटून बऱ्याच दिवसांनी केला. ६.९. म्हणजे आधीच्या १०.८ मधला मोठा भाग सूजच होती. जो थोडा फायब्रोसिस, म्हणजे व्रण, खरोखर असेल तो सावकाश, वर्षांच्या हिशोबाने कमी होऊ शकतो, कारण लिव्हर तो व्रणाचा धागा स्वतःच विरघळवतं, फक्त रोज नवीन जखम होता कामा नये.

हे कुठपर्यंत चालतं ते मी मामांच्या बाबतीत बघितलं. त्यांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी काविळीचा झाडपाला सुरू केला, आठवडाभर तेच. हॉस्पिटलात नेलं तेव्हा बिलिरुबिन १४, पोटात पाणी. काविळीची साथ वगैरे काही नाही, अल्कोहोलिक हेपटायटिस, म्हणजे दारूने लिव्हरला आलेली सूज, आणि तीही आधीच सिरॉसिस झालेल्या लिव्हरवर. यात गंमत म्हणजे एसजीओटी १६० च होतं. व्हायरल काविळीत हजारात जातं म्हणून घरचे म्हणाले "एवढं काही नाही", पण दारूच्या हेपटायटिसमध्ये ते बहुतेक चारशेच्या आतच असतं, तिथे बघायचं बिलिरुबिन आणि रक्त गोठायचा वेळ. अशा तीव्र केसमध्ये महिन्याभरात माणूस जाऊ शकतो, आयसीयूच्या डॉक्टरांनी हे आम्हाला स्पष्ट सांगितलं.

मामा वाचले. कावीळ उतरली, कमी मीठ आणि पाण्याच्या गोळ्यांवर पोटातलं पाणी गेलं, दारू पूर्ण बंद आहे. माणूस बराच सुधारला, चालतो-फिरतो. पण सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत ते खडबडीतच, प्लेटलेट ८० हजार, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना बँड घालावे लागले. आणि लिव्हर कॅन्सरचा धोका म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच, दारू बंद असली तरी.

माझ्या ताज्या सोनोग्राफीत अजून ग्रेड १ फॅटी लिव्हर आहे. मी जरा वैतागलोच, थेंब घेतला नाही तरी कसं? तर मागच्या काही महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए१सी ६.१ निघालं. दारूची चरबी गेली, आता उरलेली पोटाची आणि शुगरची आहे, ती घालवायला डॉक्टरांनी सात-आठ किलो वजन कमी करायला सांगितलंय. मित्र विचारतात रिपोर्ट नॉर्मल आहेत तर महिन्यातून एकदा एक पेग चालेल ना, मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले एकदा फायब्रोसिसची शंका आलेल्या माणसाला मी कुठलाही एमएल लिहून देणार नाही. पुढचा फायब्रोस्कॅन वर्षभराने आहे.